टॉकिंग हेड, स्क्रीन रेकॉर्डिंग की बी-रोल? रिटेन्शनच्या आलेखावरून शॉटचं प्रमाण कसं ठरवायचं

एक्सप्लेनर व्हिडिओत मुख्यतः तीन तऱ्हेची दृश्यं असतात. समजावणारा माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतो ते टॉकिंग हेड. संगणकाच्या पडद्यावर काम होताना दिसतं ते स्क्रीन रेकॉर्डिंग. आणि मागे आवाज चालू असताना वर वेगळीच दृश्यं येतात, म्हणजे हात, वस्तू, जागा, ते बी-रोल. यातलं कशाचं किती ठेवायचं, हा प्रश्न नव्याने व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. त्याचं उत्तर स्वतःच्या व्हिडिओंच्या रिटेन्शनच्या आलेखात, म्हणजे कोणत्या क्षणापर्यंत किती टक्के प्रेक्षक टिकले ते दाखवणाऱ्या रेषेत, बऱ्यापैकी सापडतं. मात्र तो वरवर वाचला तर हमखास उलटं उत्तर हाती येतं.

याचं कारण आलेखाच्या आकारातच आहे. रिटेन्शनची रेषा डावीकडून सुरू होते आणि जवळजवळ नेहमी उतरतच जाते. बहुतेक एक्सप्लेनरची सुरुवात चेहऱ्याने होते, स्क्रीन मध्ये येते आणि कंटाळवाणा तपशील शेवटाकडे. मग टॉकिंग हेडच्या भागांची सरासरी काढली की ती सगळ्यात जास्त दिसते. त्यात चेहऱ्याचं श्रेय काहीच नसतं. तो भाग आधी आला, एवढंच. म्हणून रेषेची उंची सोडून द्या आणि उतार बघा. एखादा भाग सुरू झाला तेव्हा जितके प्रेक्षक होते, त्यांतले किती तो भाग संपेपर्यंत गळाले? ही गळती दर 30 सेकंदांच्या हिशेबात मांडली की 40 सेकंदांचा बी-रोल आणि अडीच मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग एका मापाने मोजता येतात.

पहिली पायरी: व्हिडिओचे तुकडे पाडा

पाच ते दहा मिनिटांचे, एकाच धाटणीचे चार-सहा व्हिडिओ निवडा. सॉफ्टवेअर शिकवणारे असतील तर सगळे तसलेच. मुलाखत किंवा बातमीवरचं भाष्य त्यांत मिसळू नका, कारण तिथे प्रेक्षक वेगळ्याच अपेक्षेने आलेला असतो.

आता एडिटिंगची टाइमलाइन उघडून प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट सेकंदांत लिहून घ्या. तुकड्यापुढे दोन गोष्टी नोंदवा. एक शॉटचा प्रकार आणि दुसरी त्या तुकड्याचं काम. काम म्हणजे तो तुकडा व्हिडिओत काय करतोय: पार्श्वभूमी सांगतोय, कृती दाखवतोय, कारण उलगडतोय, उदाहरण देतोय की गुंडाळतोय. ही दुसरी नोंद बरेच जण गाळतात, आणि तिथेच सगळी तुलना फसते. शॉट आणि काम सहसा जोडीने फिरतात. पार्श्वभूमी चेहऱ्यावर सांगितली जाते, कृती स्क्रीनवर. प्रेक्षक पार्श्वभूमीला कंटाळून गेला तरी आकड्यांत दोष चेहऱ्याच्या माथी बसतो.

किती लहान तुकडा मोजायचा, यालाही मर्यादा आहे. यूट्यूबच्या अॅनालिटिक्स एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅम लिहून आकडे थेट मागवण्याच्या सोयीतून, रिटेन्शनची माहिती काढली तर अख्ख्या व्हिडिओसाठी 100 बिंदू मिळतात. व्हिडिओ कितीही लांब असला तरी शंभरच. म्हणजे 500 सेकंदांच्या व्हिडिओत एक बिंदू 5 सेकंदांचा. चार सेकंदांचा बी-रोलचा कट त्यात दिसणारच नाही. माझ्या मते 20 सेकंदांहून लहान तुकडा स्वतंत्र मोजू नये. चेहऱ्यावर अधूनमधून बी-रोल टाकला असेल तर त्या सगळ्या भागाला 'बी-रोलसह टॉकिंग हेड' असा वेगळा प्रकार मानावा आणि नुसत्या टॉकिंग हेडशी त्याची तुलना करावी.

दुसरी पायरी: आकडे उतरवा

यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या Analytics मध्ये `Key moments for audience retention` या नावाचा आलेख असतो. त्यावर कर्सर फिरवला की त्या क्षणाची टक्केवारी दिसते. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीची आणि शेवटची टक्केवारी स्प्रेडशीटमध्ये भरा. A मध्ये सुरुवातीचा सेकंद, B मध्ये शेवटचा सेकंद, C मध्ये सुरुवातीची टक्केवारी, D मध्ये शेवटची. दर 30 सेकंदांची गळती या सूत्राने निघते:

```
=1-(D2/C2)^(30/(B2-A2))
```

नुसती वजाबाकी न करता भागाकार करून वर घात घेतलाय, कारण गळती ही उरलेल्यांतून होते, मूळ आकड्यातून नाही. 70 वरून 58 आणि 39 वरून 27, दोन्हीकडे 12 टक्केबिंदूच कमी झाले. पण पहिल्यात सहापैकी एक माणूस गेला आणि दुसऱ्यात तीनपैकी जवळजवळ एक.

पहिले 30 सेकंद या हिशेबात धरू नका. तिथून जाणारे बहुतेक जण थंबनेल आणि शीर्षकाने दिलेलं वचन पुरं होतंय का, एवढंच बघून जातात. शॉटच्या प्रकाराचा निवाडा तिथे होत नाही. तसंच शेवटचा 'तर आज आपण पाहिलं' वाला भागही वगळा. काम संपलं हे कळताच लोक उठतात, मग पडद्यावर काहीही असो.

एक व्हिडिओ पूर्ण मोजून बघू

समजा 8 मिनिटं 20 सेकंदांचा व्हिडिओ आहे. विषय आहे स्प्रेडशीटमध्ये पिव्होट टेबल कसं करायचं. हे आकडे हिशेब समजावण्यासाठी घेतलेत, पण असा आकार प्रत्यक्षात वारंवार भेटतो. सुरुवात आणि शेवट वगळून पाच तुकडे उरले.

| वेळ | शॉट | काम | टक्केवारी | दर 30 सेकंदांची गळती |
|---|---|---|---|---|
| 0:30–1:50 | टॉकिंग हेड | पार्श्वभूमी | 70 → 58 | 6.8% |
| 1:50–3:30 | स्क्रीन | कृती | 58 → 53 | 2.7% |
| 3:30–4:10 | बी-रोल | कुठे वापरतात ते सांगणं | 53 → 49 | 5.7% |
| 4:10–5:00 | टॉकिंग हेड | चूक का होते ते कारण | 49 → 47.5 | 1.8% |
| 5:00–7:30 | स्क्रीन | मोठं उदाहरण | 47.5 → 39 | 3.9% |

उंचीच्या हिशेबाने पहिला टॉकिंग हेड सगळ्यात वर आणि शेवटचं स्क्रीन रेकॉर्डिंग सगळ्यात खाली. गळतीने बघितलं तर पहिला टॉकिंग हेड सगळ्यात वाईट ठरतो. पण लगेच 'चेहरा कमी करा' असं म्हणू नका, कारण सगळ्यात कमी गळती असलेला तुकडासुद्धा टॉकिंग हेडच आहे! एकच माणूस, तोच कॅमेरा, तोच प्रकाश, आणि गळतीत जवळजवळ चौपट फरक. यातला काही भाग जागेचा आहे, त्याकडे पुढे येऊ. उरलेला फरक कामाचा. पहिल्या तुकड्यात पिव्होट टेबल म्हणजे काय, ते कशासाठी, हे ऐंशी सेकंद ऐकवलं जातंय, आणि प्रेक्षक ते करायला शिकायला आलाय. चौथ्या तुकड्याआधी त्याने स्क्रीनवर बेरीज चुकीची येताना पाहिली आहे. ती का चुकली हा प्रश्न त्याच्या डोक्यात तयार आहे, आणि समोरचा माणूस नेमकं तेच सांगतोय. तिथे चेहरा अडत नाही, उलट लक्ष धरून ठेवतो.

आता शेवटचा स्क्रीनचा तुकडा. 3.9 हा आकडा साधारण वाटतो, पण लांब तुकड्याचा एकच आकडा कधीही मान्य करू नका. तो मधोमध तोडून बघा. 5:00 ते 6:15 मध्ये रेषा 47.5 वरून 46 वर आली, म्हणजे दर 30 सेकंदांना 1.3 टक्के. 6:15 ते 7:30 मध्ये 46 वरून 39, म्हणजे 6.4 टक्के. पहिला अर्धा सगळ्यात चांगला आणि दुसरा अर्धा पहिल्या टॉकिंग हेडइतकाच वाईट. अशा वेळी व्हिडिओचा तेवढाच भाग पुन्हा बघावा, आणि तो फोनवर बघावा. दुसऱ्या अर्ध्यात बारीक अक्षरांचा मेन्यू झूम न करता दाखवलेला असतो, माउस काहीतरी शोधत फिरत असतो, किंवा तीच कृती तिसऱ्यांदा होत असते. म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग चालतंय, पण सलग सव्वा मिनिटाच्या पुढे या व्हिडिओत ते दमतंय. तुमच्या व्हिडिओत ही मर्यादा वेगळी निघेल. ती शोधणं हेच या मोजणीतलं सगळ्यात उपयोगाचं काम आहे.

उंचवटे आणि खड्डे

रिटेन्शनची रेषा म्हणजे माणसांची मोजदाद नव्हे. एखाद्याने मागे जाऊन तोच भाग पुन्हा बघितला तर तो तिथे दोनदा मोजला जातो. म्हणून रेषा मध्येच चढूही शकते, आणि लहान व्हिडिओच्या सुरुवातीला 100 टक्क्यांच्या वरही जाते. याचा सर्वांत जास्त फायदा फुकटात स्क्रीन रेकॉर्डिंगला मिळतो. प्रेक्षक स्वतःच्या संगणकावर करून बघत असतो, एखादं बटण कुठे होतं म्हणून दहा सेकंद मागे जातो, आणि रेषा फुगते. टॉकिंग हेडमध्ये असं मागे जाण्याचं कारण कमी वेळा पडतं.

अशा उंचवट्यावर तुकड्याची सुरुवात किंवा शेवट पडला तर गळतीचा आकडा खोटा येतो. उपाय साधा आहे: उंचवटा सुरू होण्याआधीची सपाट पातळी आणि तो ओसरल्यानंतरची सपाट पातळी घ्या, मधला फुगवटा सोडून द्या. मग तो उंचवटा का आला ते वेगळं तपासा. त्या जागी सूत्र टाइप होतंय किंवा सेटिंग निवडलं जातंय आणि ते दोनच सेकंद पडद्यावर राहिलं, तर लोक समजलं नाही म्हणून मागे गेलेत. तिथे शॉट बदलायची गरज नाही, तोच शॉट चार-पाच सेकंद जास्त धरावा लागतो. उत्तराचं अंतिम दृश्य असेल तर बहुधा लोक तेवढंच बघायला तिथे उडी मारून आलेत.

खड्डा याच्या उलट असतो. वरच्या व्हिडिओत समजा पहिल्या टॉकिंग हेडमध्ये रेषा 1:35 ला 55 पर्यंत खाली गेली आणि 1:50 ला, स्क्रीन सुरू होताच, परत 58 वर आली. हे लोक व्हिडिओ सोडून गेलेले नाहीत. त्यांनी बोलणं ओलांडून थेट स्क्रीनवर उडी मारली. गळती आणि उडी यांचा इलाज वेगळा आहे. गळती दिसली तर तो भाग बदलायचा. उडी दिसली तर तो भाग लहान करायचा किंवा नंतरच्या जागी न्यायचा, कारण ज्याकडे लोक धावतायत ते तुमच्याकडे आहे, फक्त उशिरा येतंय.

जागेचा हिशेब

पहिल्या दोन मिनिटांत सगळेच व्हिडिओ जास्त गळतात. पाचव्या मिनिटाला जे उरलेले असतात ते चिकाटीचे असतात, ते सहसा हलत नाहीत. त्यामुळे एकाच व्हिडिओतल्या दुसऱ्या मिनिटाच्या चेहऱ्याची सहाव्या मिनिटाच्या स्क्रीनशी तुलना करणं अन्यायाचं आहे, आकडे गळतीचे असले तरी.

यासाठी प्रत्येक व्हिडिओचे तीन भाग पाडा: 30 सेकंदांपासून पहिल्या तृतीयांशापर्यंत, मधला तृतीयांश आणि शेवटचा. मग सगळ्या व्हिडिओंतले पहिल्या भागातले टॉकिंग हेड पहिल्या भागातल्या स्क्रीनशी ताडून बघा, मधले मधल्याशी. तुकडा दोन भागांत पसरला असेल तर त्याचा जास्त वेळ जिथे गेला तिथे टाका. चार-सहा व्हिडिओ मागितले ते याचसाठी. एका व्हिडिओत पहिल्या भागात सहसा एकच टॉकिंग हेड असतं, त्याची जोडी दुसऱ्याच व्हिडिओत सापडते. तुमच्या प्रत्येक व्हिडिओची सुरुवात चेहऱ्यानेच होत असेल, तर पहिल्या भागात तुलनेला स्क्रीन मिळणारच नाही. मग पुढच्या एक-दोन व्हिडिओंची सुरुवात मुद्दाम स्क्रीनने करा. त्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

आकडा किती माणसांवर उभा आहे

बी-रोलच्या तुकड्यात 53 वरून 49 झालं. व्हिडिओला 300 व्ह्यूज असतील तर याचा अर्थ साधारण 159 प्रेक्षकांतले 12 गेले. बारा माणसं योगायोगाने सहाही होऊ शकली असती आणि अठराही, म्हणजे गळती निम्मी किंवा दीडपट. एवढ्या आधारावर बी-रोल काढून टाकायचा निर्णय घेता येत नाही. तोच व्हिडिओ 3000 व्ह्यूजचा असेल तर 120 जण गेलेले असतात, आणि तिथे योगायोगाचा वाटा बराच लहान होतो. म्हणून हजाराच्या खालच्या व्हिडिओत फक्त ठळक फरक बघा, दुपटीहून मोठे. बारीकसारीक फरकांवर वेळ घालवू नका.

प्रेक्षक कोण आहेत हेही बघा. स्टुडिओत नवे आणि परत आलेले प्रेक्षक अशी रेषा वेगळी करून बघता येते. टॉकिंग हेडच्या बाबतीत हे पाहणं मला फार गरजेचं वाटतं. परत येणाऱ्याला तुमचा चेहरा ओळखीचा असतो, तो थांबतो. शोधून आलेल्या नव्या माणसाला त्या चेहऱ्याशी काही देणंघेणं नसतं. दोन्ही एकत्र मोजले तर ज्या व्हिडिओला जुने प्रेक्षक जास्त आले, तिथे चेहरा उगाच चांगला दिसतो. जाहिरात देऊन मिळवलेले व्ह्यूज असतील तर ते आधी बाजूला काढा. त्यांची गळती वेगळ्याच कारणाने होते.

निर्णय आणि पुढचा व्हिडिओ

मोजून झाल्यावर 'चेहरा 30 टक्के, स्क्रीन 50, बी-रोल 20' असला एक साचा काढायचा मोह होतो. तो टाळा. प्रमाण ठरवायचं ते कामावरून. वरच्या व्हिडिओपुरतं बोलायचं तर निर्णय असे होतील: पार्श्वभूमीचा टॉकिंग हेड 80 सेकंदांवरून 25 वर आणायचा आणि त्यातलं जे खरंच लागतं ते स्क्रीनवर कृती चालू असताना बोलायचं. कारण सांगणारा टॉकिंग हेड ठेवायचा. शेवटचं मोठं उदाहरण 70 सेकंदांच्या सुमारास तोडून मध्ये 15–20 सेकंद चेहऱ्यावर येऊन पुढे काय चुकणार आहे ते सांगायचं, आणि दुसरा अर्धा झूम करून परत रेकॉर्ड करायचा. याने चेहऱ्याचा एकूण वेळ घटतो, पण तो एका गठ्ठ्यात न येता दोन-तीन जागी वाटला जातो.

हे सगळं एकाच व्हिडिओत करू नका. यूट्यूबवर प्रकाशित व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, आणि Test & compare ने थंबनेल ताडता येतात, आतले शॉट नाही. म्हणजे तुमचा प्रयोग एका व्हिडिओकडून पुढच्या व्हिडिओकडेच जाणार. त्यामुळे पुढच्या दोन-तीन व्हिडिओंत फक्त पार्श्वभूमीचा तुकडा लहान करा, बाकी ठेवण तीच ठेवा, आणि तक्त्यातली तीच ओळ पुन्हा मोजा. 6.8 चा आकडा तीन व्हिडिओंत मिळून 4 च्या आसपास आला तर बदल लागू पडलाय. मग लांब स्क्रीन तोडण्याकडे वळा. तक्त्याला `प्रकाशन दिनांक` आणि `काय बदललं` असे दोन रकाने जोडून ठेवा, नाहीतर चार महिन्यांनी कोणता आकडा कशामुळे हलला ते आठवत नाही.

बी-रोलबद्दल थोडं वेगळं

बी-रोलचा निकाल या पद्धतीने सगळ्यात कच्चा लागतो. तुकडे लहान असतात, संख्येने कमी असतात आणि त्यांच्याखाली चालणारा आवाजच बहुतेक भार वाहत असतो. म्हणून बी-रोल गळला की आधी आवाज बंद करून तो तुकडा बघा. दृश्यांत आशय आहे का? कुणीतरी कीबोर्डवर टाइप करतंय, कुणीतरी कॉफी पितंय, अशी विकतची दृश्यं कुठल्याही वाक्यावर बसतात, म्हणून ती कुठल्याच वाक्याला मदत करत नाहीत. मग दृश्यं बाजूला ठेवून नुसता आवाज ऐका. तोच रेंगाळत असेल तर त्यावर काहीही चिकटवलं तरी गळती थांबणार नाही.

आपल्या व्हिडिओत 3:30 चा तुकडा पिव्होट टेबल कुठे वापरतात हे सांगतो. तिथे कार्यालयातल्या माणसांऐवजी हजार ओळींची विस्कळीत यादी आणि शेजारी तिच्यापासून झालेलं पाच ओळींचं टेबल दाखवलं, तर निवेदन तेच राहूनही दृश्य बोलायला लागतं. हा बदल मोजायचा तर निवेदनाची लांबी आणि तुकड्याची जागा तशीच ठेवा, फक्त दृश्यं बदला. तरीही सलग तीन-चार व्हिडिओंत हा तुकडा शेजारच्या स्क्रीनच्या तुकड्यापेक्षा दुपटीने गळत राहिला, तर निवेदनातली ती माहितीच कापा आणि 3:30 ला थेट चूक होतानाचा प्रसंग आणा.